सूचना: थकीत बिलाच्या विलंब शुल्काचा नवा मजकूर

सर्व सभासदांना नमस्कार. "त्वरित पैसे न भरल्यास दंड आकारून कारवाई केली जाईल" हे वाक्य आपल्या नमुनापत्रातून काढले आहे. त्यात रक्कम नाही, कलम नाही, नुसता दम आहे. गिऱ्हाईक दुखावते आणि हिशोब तसाच राहतो.

यापुढे असे लिहावे:

"आपले ४०,००० रुपयांचे बिल ३० जूनला देय होते. आपल्या करारातील कलम ७ नुसार मुदतीनंतर थकीत रकमेवर दरमहा दीड टक्का विलंब शुल्क लागू होते. जुलै महिन्याचे शुल्क ६०० रुपये धरून ३१ जुलैअखेर एकूण देय ४०,६०० रुपये. रक्कम पाठवली असल्यास कृपया व्यवहार क्रमांक कळवावा. बिलात काही शंका असल्यास जरूर सांगावे."

रक्कम, तारीख आणि कलम क्रमांक आपापल्या करारातून घ्यावेत. 'दंड' न लिहिता करारातलाच शब्द ठेवावा. 'नाइलाजाने' वगैरेही नको, त्यातून उगाच टोमणा ऐकू येतो.

सही झालेल्या करारात विलंब शुल्काचे कलमच नसेल, तर शुल्क लावू नये. फक्त मूळ रकमेची आठवण द्यावी.

– सचिव