लालबागच्या काकांना, आजीच्या पांढऱ्या नऊवारीसाठी

काका, नमस्कार.

हे असं सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुमच्या घरी बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय पाण्याच्या वेळेवर नेता. त्यामुळे जे तिथे बोलायचं राहिलं ते इथे.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या आजीची पांढरी सुती नऊवारी, बारीक काळ्या काठाची, आणि आजोबांची धोतरं, त्यातलं एक नागपुरी, रेशीमकाठी. आजी गेल्यापासून सगळं लाकडी पेटीत होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर डांबरगोळ्या. बाबांच्या पंच्याहत्तरीला त्यांनी आजोबांचं धोतर नेसावं असं आईच्या मनात आलं म्हणून पेटी उघडली, तर प्रत्येक घडीवर पिवळी-तपकिरी रेघ. मधलं कापड बऱ्यापैकी पांढरं, आणि जिथे जिथे घडी तिथे आखून दिल्यासारखी पट्टी. साडी उलगडली की त्या पट्ट्यांची जाळीच दिसायची.

आधी आमच्या इथल्या लाँड्रीत नेलं. नाव लिहीत नाही, पण राग अजून आहे. काउंटरवरच्या माणसाने साडी एका हाताने उचलून गठ्ठ्यावर टाकली, "होऊन जाईल" म्हणाला. एका धोतराला त्यांनी क्लोरीनचं ब्लीच लावलं आणि ते परत आलं तेव्हा घडीच्याच रेघेवर उभं फाटलेलं. साडीला नुसती भरपूर नीळ देऊन पाठवली, म्हणजे पिवळ्यावर निळं चढून त्या रेघा हिरवट दिसायला लागल्या. विचारलं तर म्हणे जुनं कापड आहे, असंच होणार. कुणी एकदाही विचारलं नाही की हे कापड किती वर्षं पडून होतं, कशात होतं, कुणाचं होतं.

मग मावशी म्हणाली आमच्या चाळीत एक काका आहेत, संपाच्या आधी गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते, त्यांना दाखव.

काका, तुम्ही काय केलंत ते मला अजून दिसतंय. मी पिशवीतून साडी काढायला लागले तर तुम्ही "थांब पोरी" म्हणालात, बोटातली अंगठी काढून ताटलीत ठेवलीत, मनगटावरचं घड्याळ काढलंत, हात साबणाने धुतलेत, कोरडे केलेत, आणि मग दोन्ही तळवे पुढे करून साडी घेतलीत. मलाही बांगड्या काढायला सांगितल्यात. बस, एवढंच. तुमच्यासाठी ती सवय असेल, कारण अंगठीच्या कोंदणात जीर्ण धागा अडकला की ओढला जातो आणि हाताचं तेल कापडावर राहिलं की पुढे तिथेच पिवळं पडतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की आजीच्या साडीला पहिल्यांदा कुणीतरी नीट हात लावतंय. डोळ्यात पाणी आलं होतं माझ्या. तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

आणि मग तो प्रश्न. "डाग जायला हवेत की साडी राहायला हवी? दोन्ही झालं तर चांगलंच, पण आधी काय ते सांग." मी म्हटलं साडी. तिथून पुढचं सगळं तुम्ही त्या एका उत्तरावर केलंत.

तुम्ही पदराच्या टोकाचा एक सुटलेला धागा घडीच्या रेघेवरून ओढून बघितलात, आणि तसाच एक मधल्या पांढऱ्या भागातला. पांढऱ्यातला ताणून मग तुटला, रेघेवरचा ताण न घेताच. तेव्हा मला समजलं की ती रेघ म्हणजे वरून बसलेला डाग नाहीये, तिथला कापूसच झिजलाय. तुम्ही म्हणालात, घडीच्या कडा बाहेर असतात, हवा आणि दमटपणा त्यांनाच जास्त लागतो, पेटीचं लाकूड आणि वर्तमानपत्राचा कागद दोन्ही आम्ल सोडतात आणि कागदाला टेकलेली असते ती घडीचीच कड, त्यात धुताना राहिलेली खळ, घाम, साबण. डांबरगोळी किड्यांसाठी, पिवळेपणावर तिचा काही उपयोग नाही. आणि म्हणूनच त्या क्लोरीनने आमचं धोतर फाटलं. आधीच अर्धमेल्या धाग्यावर ते घातलं आणि नंतर कापडात राहिलेल्या क्लोरीनचा जोर मारलाही नाही. गिरणीत क्लोरीननंतर त्याचा उरलेला अंश मारणारं हायपो दिल्याशिवाय माल पुढे जायचा नाही, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. मला बरं वाटलं, की या गोष्टीचा राग येणारी मी एकटी नाही.

सगळी रीत इथे लिहीत बसत नाही, पण काही गोष्टी लिहायलाच हव्यात कारण बऱ्याच जणांच्या घरी असे गठ्ठे असणार.

पहिली म्हणजे नुसतं पाणी. मी पावडरीचं पाकीट घेऊनच आले होते आणि तुम्ही ते बाजूला ठेवलंत. जुनी चादर टबात अंथरून त्यावर साडी सैल घड्या घालून सोडली आणि वर साधं गार पाणी. तासाभरात पाणी कोऱ्या चहासारखं झालं! साबण नाही, काही नाही, फक्त पाणी. झिजलेल्या कापसातून जे पिवळं आणि आंबट तयार झालेलं असतं ते बरंचसं पाण्यात विरघळतं, ते आधी जाऊ द्यायचं, नाहीतर पुढे घालायची ब्लीचची पावडर त्याच्यावरच खर्च होते. नीळही त्यातच बरीच उतरली. पाणी बदलताना तुम्ही साडीला हात लावला नाहीत, चादरीची चारही टोकं धरून आपण दोघांनी उचललं, कारण पाण्याने जड झालेली साडी एका टोकाला धरली की स्वतःच्याच वजनाने घडीवर फाटते. पाणी स्वच्छ राहायला लागेपर्यंत हे चाललं, आणि तोवर अर्धा पिवळेपणा गेलाच होता.

मग तुम्ही साडी उजेडात धरून गंजाचे ठिपके शोधलेत. मला वाटलं हे कशाला, डाग तर वेगळे आहेत. तर टाचणीच्या जागी दोन बारीक तांबूस ठिपके निघाले. त्यांना आधी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून घालवलंत आणि स्वच्छ धुतलंत, कारण लोखंड राहिलं आणि त्यावर ऑक्सिजनवालं ब्लीच गेलं की त्या जागी ते भडकतं आणि बरोबर ठिपक्याएवढं भोक पडतं. हे मी कुठेही वाचलं नव्हतं.

काठाचा रंगही आधी बघितलात, ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून. रंग लागला नाही, मगच पावडर. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे तेच ऑक्सिजनवालं ब्लीच, 15 लिटर पाण्याला 3 मोठे चमचे, पाणी हाताला गरम लागेल पण भाजणार नाही इतपत, आणि दाणे पूर्ण विरघळल्याशिवाय कापड आत नाही. लोखंडी बादली नाही, टब प्लॅस्टिकचा. वर ताट झाकलंत ते पण फटीने, आणि उरलेलं पाणी बाटलीत भरून ठेवू नकोस म्हणून दोनदा बजावलंत, त्यातून वायू निघत राहतो आणि बंद बाटली फुगून फुटू शकते. चार-पाच तासांनी त्या पाण्यात दम राहत नाही, मग रात्रभर भिजवून काही जास्त मिळत नाही, हवं तर नवीन पाणी करायचं. तुम्ही दुसऱ्यांदा केलंत आणि तिसऱ्यांदा मी म्हटलं तरी केलं नाहीत. अगदी फिकट रेघा राहिल्या होत्या. "ह्या आता धाग्याच्या आत आहेत, ह्यांच्या मागे लागलीस तर साडी देऊन बसशील." मी आधी काय उत्तर दिलं होतं ते तुम्हाला लक्षात होतं, मी मात्र पांढरं बघून विसरायला लागले होते.

आणि नागपुरी धोतर. काठातला एक सुटा धागा तुम्ही काडेपेटीने जाळलात, केस जळल्याचा वास आला, म्हणजे अस्सल रेशीम. त्याला परकार्बोनेटच्या पाण्यात घालायला साफ नकार दिलात कारण त्यात सोडा असतो आणि रेशमाला सोडा सोसत नाही. त्याला फक्त पाणी आणि सौम्य साबण. त्यामुळे ते साडीइतकं उजळलं नाही, मलईच्या रंगावर राहिलं, आणि बाबांनी तेच नेसलं, आणि फोटोत इतकं सुंदर दिसतंय की कुणालाही वाटेल तो मूळचाच रंग आहे.

गच्चीवर साडी वाळत घातलीत ती पण दोन दोऱ्यांवर पसरून, एका दोरीवर लटकवली की पुन्हा एक घडी आणि सगळं वजन तिच्यावर. ऊन कोवळं होतं तोवरच. कांजी नाही, नीळ नाही, नेसायची असेल तेव्हा दे म्हणालात, ठेवायच्या कापडाला नको. आता साडी पुठ्ठ्याच्या नळीवर आहे, नळीला आधी धुतलेली मलमल गुंडाळली, वरून पण मलमल. धोतरांना घडी आहे पण घडीत मलमलीची सुरळी, आणि दर दिवाळीला घडी दुसरीकडे पाडायची असं आईने कॅलेंडरवर लिहूनही ठेवलंय.

काका, मला एक मनापासून म्हणायचंय. लाँड्रीवाल्यांना कदाचित हे सगळं येत नसेल, ते समजू शकते, सगळ्यांना सगळं कुठे येतं. पण "आम्हाला जमणार नाही, दुसरीकडे दाखवा" एवढं म्हणता येतं ना? तेवढंही न म्हणता आमच्या आजोबांचं धोतर फाडून वर आम्हालाच ऐकवलं. तुम्हाला तर सगळं येत होतं, आणि तरी तुम्ही प्रत्येक पायरीला विचारत होतात, करू का, चालेल का. ज्या खात्यात तुम्ही बदली कामगार म्हणून लागलात ते खातं गेलं, गिरणी गेली, त्या जागेवर काय आहे ते आपण तुमच्या गच्चीवरून बघितलं. पण कापडाची ती काळजी तुमच्या हातात तशीच आहे. पैसे देण्याचा विषय काढला तेव्हा तुम्ही पावडरीचे तेवढे घेतलेत, हिशोब करून, सुटे परत देऊन. माणसाने असंच असावं असं मला वाटतं आणि अशी माणसं भेटतात तेव्हा ते मोठ्याने सांगायला पाहिजे असंही वाटतं.

फाटलेल्या धोतराबद्दल तुम्ही म्हणालात ना की रेघेच्या दोन्ही बाजूंचं चांगलं कापड वाया घालवू नकोस, त्यातून बाबांसाठी उपरणं निघेल. आईने रेघेला सोडून कापून ठेवलंय, कडा अजून दुमडलेल्या नाहीत. पुढच्या रविवारी घेऊन येतो आम्ही दोघी. काकूंना सांगा की स्वयंपाक करू नका, पुरणपोळ्या आम्ही आणतोय.