पट्टी कुठे गेली?

प्रिय सुहास,

काकूंचा निरोप मिळाला. आमच्या मालिकेत सोमवारी सासूबाईंच्या हाताला पट्टी, मंगळवारी गणपतीत हात ठणठणीत आणि बुधवारी पुन्हा पट्टी! त्यांनी बरोबर पकडलंय. आता यामागे काय घडलं ते सांगतो.

मालिका सुरू होताना हाताशी पंधरा-वीस भाग तयार असतात. त्याला आम्ही बँक म्हणतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो आणि एक युनिट दिवसाला जेमतेम तेवढंच काढतं. त्यातच कुणी आजारी पडतं, कुणाचे नाटकाचे दौरे असतात, आणि रविवारचा महाएपिसोड तर एका दमात दोन भाग खाऊन टाकतो. दोन-तीन महिन्यांत बँक तीन-चार भागांवर येते. मग आज दुपारी शूट केलेला सीन उद्या रात्री दिसतो.

शिवाय आम्ही भागांच्या क्रमाने शूट करतच नाही. हॉलमध्ये लाइट लागले की पुढच्या तीन-चार भागांतले हॉलचे सगळे सीन उरकून घेतो. कलाकारांनी फक्त साड्या बदलायच्या.

आता पट्टीचं. गणपतीच्या भागाला अख्खं कुटुंब लागतं आणि सगळ्यांच्या तारखा एकत्र जुळणं महाकठीण. म्हणून तो भाग आधीच काढून बँकेत ठेवला होता. सासूबाईंचा अपघात गणपतीनंतर व्हायचा होता. पण गुरुवारी टीआरपी आला, आकडा घसरलेला. वाहिनीने सांगितलं, अपघात अलीकडे ओढा. तो सोमवारी गेला. गणपतीचा भाग मात्र चतुर्थीलाच दाखवायला हवा, तो हलवता येत नाही. पुन्हा शूट करायला तारखा नव्हत्या. शेवटी सुनेच्या पाठमोऱ्या शॉटवर डबिंगमध्ये वाक्य घातलं, ‘आरतीपुरती पट्टी सोडलीत ना आई?’ काकूंनी ते ऐकलं नसावं. ऐकलं असतं तरी पटलं नसतंच म्हणा.

तू म्हणशील, मग बँक मोठी का ठेवत नाही? कारण हेच. आकडे बघून कथा वळवायची असते. वीस भाग आधीच काढले आणि ट्रॅक फिरला, तर ते वाया जातात.

पण बँक अगदी आटली की काय होतं ते मार्च २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. १९ तारखेपासून शूटिंग बंद झालं, थोड्याच दिवसांत शिल्लक भाग संपले आणि वाहिन्यांना जुने भाग पुन्हा लावावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरण थांबलं, तेव्हा मात्र कित्येक युनिटं गोव्याला पळाली. मालिकेतलं घर एका रात्रीत बदललं आणि लेखकांना कुटुंबाला सहलीला पाठवावं लागलं. पुढच्या महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली.

काकूंना एक खूण सांग. ‘मागील भागात’ लांबलं, जुन्या आठवणींचे तुकडे वाढले, दोन पात्रं फक्त फोनवरच बोलायला लागली, की समजायचं, बँक रिकामी आहे किंवा एकाची तारीख मिळालेली नाही.

सासूबाईंची पट्टी येत्या शनिवारी सुटणार आहे, पण हे काकूंना सांगू नकोस.

तुझा,
मिलिंद