मान डोलावण्याआधी

सांगली,
रविवार, सकाळ

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री फोनवर मी आवाज चढवला, त्याचे तीन दिवस वाईट वाटत आहे. तुझा खोकला दोन आठवडे झाले तरी थांबत नाही, म्हणून तू डॉक्टरांकडे जाऊन आलीस, त्यांनी गोळ्या दिल्या, आणि गोळ्या कशाच्या आहेत असे मी विचारल्यावर तू म्हणालीस, "मी नाही विचारलं, बाबा." त्यानंतर जे बोललो ते बोलायला नको होते. या पत्रात खोकल्याचा विषय काढायचा नाही असे ठरवूनच मी लिहायला बसलो आहे.

येत्या शनिवारी तुमच्या संस्थेत विद्यार्थ्यांचे पोस्टर सत्र आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी ते नुसते पाहायचे आहे, असे तू सांगितलेस. "चाळीस पोस्टर आहेत, मी सगळ्यांसमोरून फिरेन, फोटो काढेन, मला त्यातलं काय कळणार आणि मी काय विचारणार," हे तुझे वाक्य मला गोळ्यांच्या उत्तरापेक्षाही जास्त लागले. दीड तासात चाळीस पोस्टर म्हणजे एकेकाला सव्वादोन मिनिटे, तीही चालण्याचा वेळ न धरता. त्यापेक्षा पहिली दहा मिनिटे रांगेतून फक्त शीर्षके वाचत फीर, आठ-दहा पोस्टर निवड, आणि त्यांच्यापाशी दोन-दोन मिनिटेच थांब, पण बोलण्यासाठी थांब.

पोस्टरजवळ गेलीस की तिथला मुलगा किंवा मुलगी विचारेल, "थोडक्यात सांगू का?" होय म्हटलेस की पाठ केलेले भाषण सुरू होते आणि ते पाच मिनिटे संपत नाही. सकाळपासून त्यांनी ते पंधरा वेळा म्हटलेले असते, त्यामुळे बोलणाऱ्याचे लक्ष नसते आणि ऐकणारा मान डोलावत राहतो. म्हणून आधी तूच विचार: "या कामात तुम्हांला नेमके काय शोधायचे होते, ते एका वाक्यात सांगाल का?" शीर्षकात विषय असतो, प्रश्न नसतो. ज्याला आपले काम समजलेले असते तो क्षणभर थांबतो आणि साधे वाक्य बोलतो. जो शीर्षकच पुन्हा वाचून दाखवतो त्याला आणखी एक संधी द्यावी: "म्हणजे उत्तर हो किंवा नाही असे येणार होते, की किती असे?" एवढ्याने बहुतेक जण मोकळे होतात. तिथे आधीच कोणी ऐकत उभे असेल, तर बाजूला उभी राहा आणि त्यांचे झाल्यावर पुढचे विचार. पहिल्यापासून सांगा म्हणू नकोस.

दुसरा प्रश्न मी आयुष्यभर प्रयोगशाळेत विचारत आलो, तरी त्याची खरी किंमत मला गेल्या हिवाळ्यात कळली. इथल्या एका महाविद्यालयाने निवृत्त केमिस्ट म्हणून मला पोस्टर पाहायला बोलावले होते. तुझ्या आईने इस्त्री करून ठेवलेला तो राखाडी कोट मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढला. एका मुलाचे पोस्टर उसावर होते: तोडणीनंतर ऊस पडून राहिला तर रसाचे काय होते. आलेखात आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात विरघळलेले पदार्थ किती ग्रॅम तो आकडा. पहिल्या दिवशी साडेएकोणीस, सहाव्या दिवशी एकवीसच्या थोडे वर, आणि प्रत्येक ठिपक्यावर अगदी आखूड एरर बार, म्हणजे आकडे किती मागेपुढे होतात ते दाखवणारी उभी रेघ. खाली निष्कर्ष छापलेला: ऊस ठेवल्याने साखर वाढते.

चाळीस हंगाम कारखान्यात काढलेल्या माणसाला ते वाक्य वाचून काय झाले असेल, ते तू ओळखशील. पण मी निष्कर्षाबद्दल एक शब्दही काढला नाही. एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, "हा ठिपका कुठून आला?" तो म्हणाला, "सर, त्या दिवशीच्या तीन रीडिंगची सरासरी आहे." मी विचारले, "तीन उसांची?" तो म्हणाला, "नाही, मोळीतला एक ऊस गाळला आणि त्याच रसाचे तीन थेंब ब्रिक्स मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर घेतले."

इथे जरा सावकाश वाच, कारण तुझ्या विषयातही हेच घडेल. एकाच भांड्यातले तीन थेंब जवळजवळ सारखेच आकडे देणार. त्यातून रिफ्रॅक्टोमीटर नीट चालतो आहे आणि हात स्थिर आहे एवढेच कळते. एका उसापेक्षा शेजारचा ऊस किती वेगळा आहे, हे त्यातून कळत नाही, आणि त्याचा दावा तर सगळ्या उसांबद्दल होता. बार आखूड दिसले ते त्यामुळे. पोस्टरच्या कोपऱ्यात तीन नमुने असे लिहिलेले असते, पण ते तीन वेगवेगळे आहेत की एकच तीनदा मोजलेला आहे, हे तोंडी विचारल्याशिवाय कळत नाही. तसेच एरर बार प्रमाण विचलनाचा, म्हणजे नमुन्यानमुन्यांतल्या फरकाचा आहे, की प्रमाण त्रुटीचा, म्हणजे सरासरी किती हलू शकते त्याचा, हेही विचारावे. नऊ नमुने असतील तर दुसरा पहिल्याच्या एक-तृतीयांश लांबीचा दिसतो, आणि नुसत्या डोळ्यांना तेवढ्याने काम तिप्पट नेमके वाटते.

मग मी तिसरा प्रश्न विचारला: "हे कशाच्या तुलनेत वाढले?" त्याला तो समजला नाही, म्हणून मी पुन्हा विचारले, "मोळीचे वजन रोज केले होते का?" केले नव्हते. मी त्याचीच पेन्सिल घेऊन पोस्टरच्या कडेला हिशेब मांडला. शंभर ग्रॅम रसात विरघळलेले पदार्थ साडेएकोणीस ग्रॅम आहेत, आणि उन्हात पडलेल्या उसातून त्यातले आठ ग्रॅम पाणी उडाले, तर उरलेल्या ब्याण्णव ग्रॅममध्ये ते साडेएकोणीसच राहिले, पण ब्रिक्स झाला एकवीस पूर्णांक दोन. साखर कणभरही न वाढता त्याचा आलेख तंतोतंत तयार होतो. शिवाय ब्रिक्स सगळेच विरघळलेले पदार्थ मोजतो, त्यामुळे साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले तरी तो खाली येत नाही. त्यासाठी पोलॅरिमीटरवर पोल, म्हणजे न फुटलेल्या साखरेचे प्रमाण, काढावा लागतो आणि पोल भागिले ब्रिक्स करून शुद्धता पाहावी लागते. शिळ्या उसात पडते ती शुद्धता.

आता माझी चूक सांगतो. हे शेवटचे मी प्रश्न म्हणून विचारायला हवे होते, आणि मी व्याख्यान दिले. भोवती सात-आठ जण जमले, त्याचे मार्गदर्शक लांबून पाहू लागले आणि त्या मुलाचा चेहरा उतरला. तुझ्या सातवीतल्या त्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी तुला असेच केले होते, आणि परतीच्या वाटेवर आयर्विन पुलाच्या टोकापर्यंत तू एक अक्षर बोलली नव्हतीस. मला कधी कधी वाटते, त्या दिवसापासूनच तू विचारणे सोडलेस. किंवा तसे नसेलही. त्या वर्षी घरात दुसरेही बरेच चालले होते.

मी चहा घेऊन परत त्याच्याकडे गेलो आणि जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो विचारला: "काय दिसले असते तर तुमचा अंदाज चुकला असे तुम्ही म्हटले असते?" तो बराच वेळ आलेखाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, वजन जेवढे घटले तेवढ्याच प्रमाणात ब्रिक्स वाढला असता, तर." वजन नव्हतेच, पण ते का हवे होते हे त्याने स्वतःच शोधले होते. मी शेवटी विचारले, "आणखी एक हंगाम मिळाला तर काय वेगळे कराल?" तेव्हा त्याने खिशातून वही काढून मोळ्या तोलायच्या कशा, सावलीत ठेवायच्या की उन्हात, असे मलाच विचारायला सुरुवात केली. हे सगळे दोन मिनिटांत झाले. आधीच्या माझ्या व्याख्यानाला दहा लागली होती.

काही प्रश्न मात्र टाळ. "याचा उपयोग काय?" असे पहिल्याच झटक्यात विचारू नकोस, कारण त्यावर सगळे जण शेतकऱ्यांना आणि समाजाला फायदा होईल असे एकच उत्तर देतात. "यातले तुम्ही स्वतःच्या हाताने काय केले?" हा प्रश्न चांगला आहे, पण आवाज मऊ ठेवून विचारावा, नाहीतर तो संशय वाटतो. त्या मुलाला मी हे विचारले, तेव्हा कळले की तो सहाही दिवस पहाटे सायकलवरून फडात जाऊन रस काढत होता. पोस्टरवर त्याचा उल्लेखही नव्हता.

एखाद्या पोस्टरवर एकही शब्द कळला नाही, तर अक्षावर काय आहे एवढेच विचार, मग एक ठिपका, मग तुलना. पुढे काही सुचले नाही तर आभार मानून पुढे जा. त्यात कमीपणा नाही. मान डोलावण्यात आहे, असे मी लिहिणार होतो, पण तो अधिकार मला नाही. आईचे रिपोर्ट आले तेव्हा मिरजेला त्या डॉक्टरांसमोर मी वीस मिनिटे मान डोलावत बसलो होतो. कागदावरचा एकेक आकडा मला वाचता येत होता. हा आकडा कशाच्या तुलनेत जास्त आहे, एवढे विचारले असते तर पुढचे काही बदलले असते असे नाही, पण घरी आल्यावर तू विचारलेस तेव्हा मला उत्तर देता आले असते. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस आणि माझ्याकडे पाहून तूही नुसती मान डोलावलीस.

आत्यांनी भडंग करून ठेवले आहे, बुधवारी दादाबरोबर पाठवतो. कोट माझ्याकडेच राहू दे, तुला मोठा होईल. शनिवारी रात्री फोन कर आणि एका पोस्टरबद्दल सांग, कोणत्याही एका. मी मध्ये बोलणार नाही.

आणि त्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठव. नाव नीट वाचता येईल असा काढ.

तुझा,
बाबा