वर्धनगडावरचा चंडोल

सातारा,
१२ जानेवारी

प्रिय सदा,

तुझ्या चंडोलाने चार दिवस माझी झोप खाल्ली. पुसेगावच्या यात्रेहून परत येताना तुम्ही मामा-भाचे वर्धनगड चढलात, वरच्या खडकाळ गवतात तुरा उभारलेला एक मातकट पक्षी दिसला आणि तू फोटो पाठवून विचारलंस, "हा कोण? मोबाईल म्हणतो तुरेवाला चंडोल, भाचा म्हणतो मलबारी चंडोल." मी दोन मिनिटांत शहाणपणा केला आणि कळवलं, "सायक्सचा चंडोल." झाली तीन नावं. ते उत्तर आधी मागे घेतो. निदान अर्धं तरी.

तिघेही गॅलेरिडा या एकाच कुळीतले, तिघांनाही तुरा. तुरेवाला साधारण १८ सेंटिमीटरचा, मलबारी १६, सायक्सचा १४. तू लिहिलंयस की "बुलबुलापेक्षा जरा लहान असेल". खडकावर एकट्या बसलेल्या पक्ष्याच्या फोटोवरून हे दोन-दोन सेंटिमीटर कुणालाही मोजता यायचे नाहीत, तेव्हा आकार मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. राहिली छाती आणि पोट. मलबारीच्या छातीवर जाड, ठळक, गडद रेघा असतात आणि त्यांच्याखाली पोट फिकट, पांढुरकं. सायक्सच्या छातीवरच्या रेघा बारीक आणि विरळ, आणि अंगाची खालची बाजू छातीपासून शेपटीपर्यंत एकसारखी तांबूस. बाकी तुरा, चोच, पाठ यांत माणूस हरवतो.

माझं उत्तर चुकायचं कारण तुझा फोटोच. संध्याकाळचं ऊन होतं ना? त्या उन्हात पांढरं पोटसुद्धा तांबूस दिसतं, आणि मला ते एकसारखं तांबूस दिसलं. शिवाय तू फोटो व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून टाकलास. तिथे तो दाबून लहान होतो, आणि त्या दाबण्यात सगळ्यात आधी बारीक रेघा पुसल्या जातात. म्हणजे ज्या खुणेवर निवाडा व्हायचा तीच निम्मी पुसून माझ्याकडे आली, आणि "रेघा विरळ" असं मी ठोकून दिलं. फोटो कधी काढला ही माहितीही त्या वाटेने गळून पडते. म्हणून तर तुला म्हटलं, सगळे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. तू चिडलास, पण पाठवलेस.

ते येईपर्यंत मी पुस्तकं काढून बसलो. माझ्याकडची दोन, आणि दोघांत भांडण. एकात मलबारीचं पोट जवळजवळ पांढरं रंगवलंय, दुसऱ्यात पिवळसर. पहिल्यांदा वाटलं, आता यातलं एक चूक. मग चित्रं सोडून मजकूर वाचला, तर दोन्हीकडे भर एकाच गोष्टीवर: जाड रेघा आणि त्यांच्याखाली रेघांविना फिकट पोट. चित्रकारासमोर एखाददुसरा पक्षी असतो, त्या दिवशीच्या पिसांचा. मजकूर लिहिणाऱ्याने बरेच पाहिलेले असतात. चित्र आणि मजकूर यांत फरक दिसला तर मी मजकुराला जास्त वजन देतो.

नकाशांनी मात्र माझा वेळ खाल्ला. एका पुस्तकात सातारा जिल्हा दोघांच्याही रंगात, दुसऱ्यात सायक्सची हद्द जरा पूर्वेला सरकलेली. तिथेच मनाशी ठरवत होतो की वर्धनगड हद्दीबाहेर, म्हणजे मलबारीच. मग पट्टी काढली. त्या नकाशात काश्मीर ते कन्याकुमारी जेमतेम अडीच सेंटिमीटर, खरं अंतर सुमारे ३,२०० किलोमीटर. म्हणजे एक मिलिमीटर झाला साधारण १३० किलोमीटर, आपलं सातारा ते सांगली! छापताना रंग अर्धा मिलिमीटर सरकला की अख्खा खटाव तालुका आत किंवा बाहेर. त्या रेघेवरून वर्धनगडाचा निवाडा करणं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून मिनिटं मोजणं.

नकाशा अगदीच कुचकामी नाही. तुरेवाला चंडोल उत्तरेकडच्या मैदानांतला, राजस्थान-गुजरातकडचा. तो आपल्यापासून इतका दूर आहे की तिथे मिलिमीटरचा वाद उरत नाही. पण मलबारी हा सह्याद्रीच्या बाजूचा आणि सायक्सचा कोरड्या दख्खनी माळाचा. आता तूच बघ वर्धनगड कुठे आहे: कोरेगाव आणि खटाव यांच्या बरोबर सीमेवर. पश्चिमेला पाऊस, पूर्वेला दुष्काळी पट्टा. अख्ख्या जिल्ह्यात जिथे हे दोघेही भेटू शकतात नेमक्या अशाच जागी जाऊन तू फोटो काढलास, लेका!

मग तुझ्या मोबाईलने तुरेवाला का सांगितला? तुझाच फोटो मी गुगल लेन्समध्ये पुन्हा घातला. सबंध फोटो घातला तेव्हा वाळलेलं गवत आणि दगड यांच्यासारखेच दिसणारे फोटो आले, त्यांत चंडोल, माळटिटवी, कुठे नुसताच माळ. नुसता पक्षी कापून घातला तेव्हा चंडोलच चंडोल, आणि त्यात तुरेवाला सर्वांत जास्त. बरेचसे युरोपातले. त्याला कारण आहे. तुरेवाला युरोपपासून चीनपर्यंत पसरलेला, त्याचे फोटो ढिगाने चढवलेले. सायक्सचा नि मलबारी फक्त भारतातले, फोटो मोजके. असा शोध "यासारखं दिसणारं काय काय चढवलेलं आहे" एवढंच सांगतो. वर्धनगडावर कोण राहतं हे त्याला ठाऊक नसतं. ज्याचे फोटो जास्त तो वर येणारच.

त्यात आणखी एक गंमत. पहिल्या बारा निकालांपैकी पाचांत पक्ष्याच्या डाव्या पायाशी तीच मोडलेली काडी होती. म्हणजे एकच फोटो पाच ठिकाणी उचललेला, खालचं नावसुद्धा तसंच उचललेलं. ही पाच मतं नव्हेत, एक मत पाचदा. आणि तुरा दिसला की "तुरेवाला" लिहून मोकळं होणारे आपल्याकडेही कमी नाहीत. एका फोटोखाली तुरेवाला असं लिहून जागा आपल्या वाईजवळची दिली होती, आणि छातीवरच्या जाड रेघा लांबूनही दिसत होत्या. हल्ली मी निकालांतलं नाव सगळ्यात शेवटी वाचतो. आधी फोटो उघडायचा, कुठे काढलाय ते बघायचं, छाती बघायची. मग नाव.

नावांचाही घोळ आहे. सायक्सचा शोधताना एका ठिकाणी काहीच सापडेना, म्हणून वाटलं इथे त्याची नोंदच नाही. मग लक्षात आलं, इंग्रजीत त्याला कुणी सायक्स लार्क म्हणतं, कुणी टॉनी लार्क. पक्षी एकच. शोधाच्या चौकटीत Galerida deva घातल्यावर दोन्ही नावांखालचे फोटो एकत्र आले. हे 'देवा' नाव सायक्स या बॉम्बे आर्मीतल्या अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दिलेलं, आपल्याच दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना. माळावरच्या धुळीत लोळणाऱ्या चंडोलाला देवा! मला ते फार आवडतं.

परवा रात्री तुझे सगळे फोटो आले, अकरा. पहिले पाच ४ वाजून १० मिनिटांच्या आसपासचे, उरलेले सहा ५ वाजून ५० मिनिटांचे. हा शंभर मिनिटांचा फरक पाहून मी उठून बसलो. भाच्याला फोन लावला. त्याने लेन्समध्ये कोणता फोटो घातला होता? तिसरा. आणि मला तू पाठवलेला? नववा. तिसरा तटाजवळचा, नववा उतरताना वाटेवरचा. अरे, आपण तिघं चार दिवस एका पक्ष्यावर वाद घालतोय असं समजत होतो. तो एकच पक्षी होता हे कुणी सांगितलं?

म्हणून दोन्ही वेगळे घेतले. तिसरा फोटो सोपा निघाला. पक्षी तटाच्या सावलीत आहे, त्यामुळे उन्हाचा तांबूसपणा नाही. शेजारच्या दगडावर चुन्याचा पट्टा आहे आणि तो फोटोतही पांढराच दिसतो, म्हणजे रंगावर विश्वास ठेवायला हरकत नाही. छातीवर जाड, गडद रेघा, आणि पोटाला लागताच त्या संपतात. पोट फिकट. पुस्तकांच्या मजकुराशी जुळतं, आणि जागा नीट लिहिलेले, एकमेकांवरून न उचललेले जे सह्याद्रीतले फोटो मी बाजूला काढले होते त्यांच्याशीही. हा मलबारी. भाच्याला माझ्याकडून शाबासकी दे, पण त्याला हेही विचार की मलबारी का म्हणालास. फोनवर तो म्हणाला, "पहिला निकाल तोच आला म्हणून." उत्तर बरोबर, पण पुढच्या वेळी त्याच कारणाने चुकेल.

नववा मात्र मला सुटत नाही. मूळ फोटोतही रेघा तिसऱ्यापेक्षा बारीक दिसतात, पण पक्षी आपल्याकडे तिरका बसलाय, छातीची एकच बाजू दिसते, आणि पिसं फुगवलेली आहेत. पिसं फुगली की रेघा फाकतात आणि विरळ भासतात. पोट तांबूस आहे, पण त्याच फोटोतला तुझ्या भाच्याचा पांढरा बूटही गुळाच्या रंगाचा झालाय, मग पोटाचं काय घेऊन बसायचं. बूट पांढरा करण्यासाठी मी रंग ओढून बघितले. पोट थोडं फिकटलं, पण बुटाइतकं पांढरं नाही झालं. हे सायक्सच्या बाजूने पडतं, पण दूध-पाणी करण्याइतकं नाही. सावलीतला एक जरी फोटो असता तर बोललो असतो. दहावा नि अकरावा पाठमोरे, त्यांचा उपयोग शून्य.

तेव्हा आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोक जिथे पक्षी-प्राण्यांच्या नोंदी टाकतात त्या साइटवर, मी असं सुचवतो: तिसरा मलबारी म्हणून टाक, आणि नववा नुसता गॅलेरिडा म्हणून, कुळीच्या पातळीवर. तिथे तसं ठेवता येतं. दोन्ही एका नोंदीत घालू नकोस, नाहीतर बघणारा तिसऱ्याच्या रेघा पाहून नवव्यालाही मलबारी म्हणून मान डोलवेल. वेळ आणि जागा दोन्हींची वेगळी लिही. नोंदीखाली कुणी "सायक्सचा" असं लिहिलं तर कशावरून ते विचार. त्याने रेघांबद्दल काही सांगितलं तर मला फोन कर, नुसतं नाव टाकून गेला तर राहू दे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी मोकळा आहे. सांगलीहून पहाटेची गाडी धर, नऊच्या आत वर्धनगडावर पोचू, ऊन पिवळं व्हायच्या आत उतरू. ती उतरणीची वाट तुला आठवते का, की तीही भाच्याला विचारू? येताना वहिनींच्या हातचे तिळाचे लाडू आण. आणि भाच्याला सांग, पांढरे बूट घालून ये, पक्ष्याशेजारी उभं करायला उपयोगी पडतात.

तुझा,
विन्या