चादरी धुण्याचा एकच नगदर का परवडत नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

रुग्णालयाचे कपडे बाहेर धुवायला देताना दर नगावर ठरतो आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. महिन्याला किती नग येतील याची हमी मात्र नसते. ही पद्धत बदलावी, अशी मुंबईतल्या आम्हा धुलाई व्यावसायिकांची विनंती आहे.

उदाहरणासाठी कुर्ल्यातला एक गाळा धरू. त्यात 30 किलोचा एक वॉशर आणि तेवढाच ड्रायर आहे. गाळ्याचे भाडे 60,000, यंत्रांचा हप्ता 30,000, दोन कायम कामगार 45,000, देखभाल आणि विजेचा स्थिर आकार 15,000. एकही चादर आली नाही तरी महिन्याला हे दीड लाख रुपये जातातच.

आता एका लोडचा खर्च पाहू. ड्रम खच्चून भरला तर कपडा उलटत नाही आणि मळ निघत नाही, म्हणून 25 किलोच टाकायचे. अर्ध्या किलोची चादर धरली तर 50 नग. पाणी सुमारे 400 लिटर, म्हणजे 40 रुपये. डिटर्जंट आणि इतर रसायने 50 रुपये. पाणी तापवणे, यंत्र फिरवणे आणि सुकवणे मिळून 20 युनिट, युनिटला 12 रुपये धरले तर 240. निवडणे, घड्या, मोजणी यांची नगावर दिलेली मजुरी 120. एकूण 450, म्हणजे नगाला 9 रुपये.

दोन पाळ्यांत महिन्याला 400 लोड, म्हणजे 20,000 चादरी निघतात. स्थिर खर्चाचे साडेसात रुपये धरून नग साडेसोळाला पडतो. चादरी 10,000 च आल्या, तर स्थिर खर्चच नगाला 15 रुपये होतो आणि नग 24 ला जातो. कंत्राटदाराने 20,000 नग गृहीत धरून 17 रुपये दर भरला असेल, तर अशा महिन्यात त्याला 1,70,000 मिळतात आणि खर्च 2,40,000 होतो.

त्यातही ते 9 रुपये फक्त भरलेल्या लोडचे आहेत. रक्त लागलेले कपडे वेगळे, ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या चादरी वेगळ्या धुवाव्या लागतात, आणि ते योग्यच आहे. पण 25 नगांच्या अर्ध्या लोडलाही यंत्र ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी घेते, तेवढेच तापवते, आणि पंप तेवढेच डिटर्जंट सोडतो. कमी होते ती सुकवण्याची वीज आणि मजुरी. पाणी 40, रसायने 50, साडेतेरा युनिटचे 162, मजुरी 60: एकूण 312, म्हणजे नगाला जवळपास साडेबारा रुपये. वॉर्डातून कपडे रोज थोडे थोडे पाठवण्याऐवजी प्रकारानुसार साठवून पाठवले, तर हा फरक रुग्णालयाच्याच हातात राहतो. रक्ताचे कपडे मात्र थांबवू नयेत. डाग वाळला, किंवा सुरुवातीलाच गरम पाणी लागले, की तो धाग्यात बसतो आणि चादर पुन्हा धुवावी लागते. त्या दुसऱ्या धुलाईचे 9 रुपये कोणीच देत नाही.

तोटा आला की कंत्राटदार भाडे कमी करू शकत नाही. तो पाणी कमी तापवतो आणि शेवटचे खळबळणे गाळतो, कारण वीज आणि पाणी तिथेच वाचते. पाणी 71 अंशांवर ठरलेला वेळ टिकले नाही, तर चादर पांढरी दिसते, पण निर्जंतुक झालेली नसते. खळबळणे कमी पडल्याचे ओळखता येते: डिटर्जंटमधली अल्कली कपड्यात राहून इस्त्रीखाली तो पिवळसर पडतो. ओलसर चादरीवर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला आणि तो गुलाबी झाला, तर अल्कली उरली आहे. ही तपासणी रुग्णालयाच्या कुठल्याही स्टोअरमध्ये मिनिटभरात होते. ती कंत्राटात असावी.

म्हणून निविदेत दोन दर मागवा: महिन्याची स्थिर रक्कम वेगळी आणि प्रत्यक्ष धुलाईचा दर वेगळा. दुसरा दर नगावर न ठेवता किलोवर ठेवा, कारण उशीचा अभ्रा आणि ब्लँकेट यांना एकच नग म्हणता येत नाही. वरच्या उदाहरणात तो किलोला 18 रुपये येईल. तो विजेच्या जाहीर दराशी जोडा, कारण त्यातला निम्म्याहून जास्त भाग विजेचाच आहे.

रिकाम्या यंत्राचे पैसे सरकारने का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही कंत्राटातच घालता येते. तोच गाळा हॉटेलांचे काम घेत असेल, तर स्थिर रक्कम दोघांच्या किलोंच्या प्रमाणात वाटावी. यंत्राच्या पाटीवरची क्षमता आणि वॉशरच्या मीटरवरची लोडसंख्या दरमहा बिलाला जोडायला सांगावी. हे कागद द्यायला आमची हरकत नाही.

आपले विश्वासू,
मुंबईतील धुलाई व्यावसायिक