विषय: तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरने ४८,००० रुपयांची येणे बाकी ८०० वर आणली, त्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या माणसाशी बोलून फोन ठेवला. आठवड्यातला चौथा फोन. तक्रार क्रमांक चारही वेळा नवा मिळाला, उत्तर मात्र तेच.

माझा लोखंडी रॅक बनवायचा कारखाना आहे. एका शाळेच्या ग्रंथालयाला रॅक दिले. माल १,००,००० चा, त्यावर १८ टक्के जीएसटी १८,०००, म्हणजे बिल १,१८,००० चं. ऑर्डर देताना शाळेने ४०,००० अ‍ॅडव्हान्स दिला होता, माल उतरला त्या दिवशी आणखी ३०,००० दिले. राहिले ४८,०००. हे आमच्या कारखान्यातला वेल्डरसुद्धा तोंडी सांगेल.

तुमच्या नव्या अपडेटने अ‍ॅडव्हान्सची ओळ कराच्या वर नेऊन बसवली. त्यामुळे सॉफ्टवेअरने १,००,००० मधून आधी ४०,००० वजा केले आणि उरलेल्या ६०,००० वर कर लावला. बिल छापलं गेलं ७०,८०० चं. अहो, अ‍ॅडव्हान्स म्हणजे मालाची किंमत कमी होणं नव्हे. कर पूर्ण किमतीवर लागतो आणि आधी आलेले पैसे सगळ्यात शेवटी, करासकट आलेल्या एकूण रकमेतून वजा होतात.

इथवर एकच चूक होती. पण अ‍ॅडव्हान्सची पावती शाळेच्या खात्यात आधीच जमा होती. म्हणजे ४०,००० बिलात एकदा वजा झाले आणि खात्यात पुन्हा एकदा. त्यातून ३०,००० गेल्यावर खातेउतारा म्हणतो, बाकी ८०० रुपये! छापील बिलावर बाकी ४०,८००, खात्यात ८००, खरी ४८,०००. शाळेच्या क्लार्कने अर्थातच सोयीचा आकडा निवडला. ८०० रुपये यूपीआयने पाठवले आणि खाली लिहिलं, 'हिशेब पूर्ण'.

आता आजचा संवाद. हे सगळं सांगून झाल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, अ‍ॅडव्हान्स डिस्काउंटच्या रकान्यात टाका ना."

मी म्हटलं, "मी डिस्काउंट दिलेलाच नाही."

"पण सर, शेवटी पैसे कमीच होतात ना?"

मी म्हटलं, डिस्काउंट टाकला की विक्रीच ६०,००० ची दिसेल, सरकारचा ७,२०० रुपये कर बुडेल आणि नोटीस मला येईल. त्यावर पलीकडे जरा शांतता. मग, "सर, तुमचं अकाउंटिंगचं बेसिक क्लिअर आहे का? नसेल तर आमचा पेड कोर्स आहे."

बावीस वर्षं मी स्वतःची खतावणी लिहितोय. पेड कोर्स!

तरी तुमच्या माहितीसाठी, फुकटात, नोंदी लिहून देतो. अ‍ॅडव्हान्स आला की बँक नावे ४०,००० आणि 'ग्राहकांकडून अ‍ॅडव्हान्स' जमा ४०,०००. हे तेव्हा आपलं देणं असतं, विक्री नव्हे. बिल केलं की शाळा नावे १,१८,०००, विक्री जमा १,००,०००, सीजीएसटी आणि एसजीएसटी जमा ९,००० प्रत्येकी. मग अ‍ॅडव्हान्स खातं नावे आणि शाळा जमा ४०,०००, त्याच बिलाच्या नंबरासमोर. पुढचे ३०,००० आले की बँक नावे, शाळा जमा. शाळेच्या खात्यात उरतात ४८,००० आणि अ‍ॅडव्हान्स खातं शून्य. ते शून्य झालं नाही तर कुठेतरी गफलत आहे, एवढी साधी खूण. (अ‍ॅडव्हान्स घेतानाच कर भरायचा प्रश्न सेवा देणाऱ्यांना येतो. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर तो नोव्हेंबर २०१७ पासून नाही. तेही तुमच्या प्रतिनिधीला माहीत नव्हतं.)

जीएसटीआर-१ भरून झाल्यावर हे ध्यानात आलं, म्हणून मला आता ४०,००० अधिक कर ७,२०० अशी ४७,२०० ची डेबिट नोट काढावी लागतेय. ८०० रुपयांत 'हिशेब पूर्ण' लिहिणाऱ्या शाळेत ती घेऊन जायला तुमच्यापैकी कोण येतंय ते कळवा. मी रिक्षाभाडं देतो.

एक गंमत राहिली. तुमचं स्वतःचं नूतनीकरणाचं बिल कालच आलं. वर्गणी १२,०००, कर २,१६०, एकूण १४,१६०, त्यातून मी आधी भरलेले ५,००० वजा, बाकी ९,१६०. अगदी बरोबर! आधी कर, मग वजाबाकी. म्हणजे स्वतःचे पैसे मोजताना तुम्हाला येतं.

दहा दिवसांत अपडेट दुरुस्त करा आणि मार्चपासून अ‍ॅडव्हान्स असलेली माझी सगळी बिलं तपासून चुकलेल्यांची यादी लेखी द्या. नाहीतर ९,१६० विसरा, माझे ५,००० परत करा आणि माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये द्या. शाळेच्या खात्यात ८०० रुपये बाकी दाखवणारा उतारा सोबत जोडला आहे.

एक ग्राहक, अजून तरी