मेनूकार्डावर दर आणि शाकाहारी खुणा एक ओळ घसरल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
डिझाइन व छपाई विभाग

विषय : आमच्या हॉटेलची ४० मेनूकार्डं चुकीची छापल्याबद्दल आणि ती विनाशुल्क बदलून मिळण्याबद्दल

महोदय,

स. न. वि. वि.

नाशिकला त्र्यंबक रोडवर आमचं घरगुती जेवणाचं हॉटेल आहे. तुमच्याकडून आम्ही ४० लॅमिनेटेड मेनूकार्डं करून घेतली. कागद चांगला आहे, रंग चांगले आहेत, लॅमिनेशनबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते उजव्या पानाबद्दल. ते जसं छापून आलंय तसंच खाली उतरवतो :

गावठी कोंबडीचा रस्सा ........ ८५०
अर्धी, चार जणांसाठी ........ ९०
अळणी सूप
शाकाहारी भाज्या ........ १५०
शेवभाजी ........ १७०
भरीत ........ १३०
पिठलं ........ १६०
मसाला वांगं

खरा हिशेब असा, की कोंबडीचे ८५० हे अर्ध्या कोंबडीचेच आहेत. ९० रुपये अळणी सूपचे. ‘शाकाहारी भाज्या’ हा पदार्थ नाही, ते विभागाचं नाव आहे. १५० शेवभाजीचे, १७० भरिताचे, १३० पिठल्याचे आणि १६० वांग्याचे. म्हणजे कोंबडीनंतर प्रत्येक दर एक ओळ वर गेला आणि शेवटचं वांगं बिनदराचं राहिलं. नावांच्या डावीकडच्या हिरव्या-तपकिरी खुणाही तशाच सरकल्या आहेत.

पहिल्याच रविवारी एका गिऱ्हाइकाने ‘अर्धी, चार जणांसाठी’ नव्वद रुपयांत मागितली. दुसऱ्या टेबलावरून ‘एक शाकाहारी भाज्या’ अशी ऑर्डर आली. यावर आम्ही हसलो. भरिताला छापील दराप्रमाणे १३० च घेतले, कारण कार्ड आमचं होतं.

हसू आलं नाही ते त्र्यंबकेश्वराहून परतणाऱ्या एका कुटुंबाच्या वेळी. त्यांच्या आजींना रक्तदाबामुळे मीठ कमी लागतं. सुनेने कार्डावर ‘अळणी सूप’ वाचलं आणि बिनमिठाचं म्हणून आजींसाठी मागवलं. आमच्या स्वयंपाकघरात अळणी म्हणजे मटण शिजवलेलं, तिखट-मसाला न घातलेलं पाणी. नावात मटण कुठेच नाही, म्हणून तर त्याच्यापुढे तपकिरी खूण हवी होती. ती वरच्या ओळीला चिकटली होती आणि अळणीपुढे कोरी जागा होती. नवीन पोराने ऑर्डर घेतली, वाटी टेबलावर ठेवली. आजींनी चमचा तोंडाजवळ नेला, वास आला, आणि चमचा तसाच खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत. वाटी बाजूला सारून पाणी मागितलं. पदार्थाला नुसतं ‘अळणी सूप’ नाव देणं ही आमचीही चूक, नव्या कार्डावर ‘मटणाचं अळणी’ असं लिहायचं आहे.

फोन केल्यावर तुमच्याकडून उत्तर मिळालं, ‘प्रूफ तुम्हीच पास केलं होतं.’ केलं होतं, आणि ते बरोबर होतं. पास केल्यानंतर मी फोनवर एक बदल सांगितला, की कोंबडीपुढे ‘अर्धी, चार जणांसाठी’ टाका. तो बदल झाला, पण दुसरं प्रूफ आलं नाही. घोळ नेमका तिथेच आहे. भाचा कोरलवर काम करतो, त्याने तुमची फाइल उघडून दाखवली. पदार्थांची नावं एका मजकूर-चौकटीत आहेत, दर दुसऱ्या चौकटीत आणि खुणा तिसरीकडे सुट्या ठेवल्या आहेत. तिन्ही शेजारी-शेजारी, पण एकमेकांना बांधलेलं काहीच नाही. नाव लांबलं, दोन ओळींत गेलं, त्याखालची सगळी नावं एक ओळ उतरली. दर आणि खुणा जागच्या जागी. अशी चूक सापडायला प्रत्येक दर तपासावा लागत नाही. विभागातली शेवटची ओळ बघायची, ती बिनदराची असेल तर वर कुठेतरी ओळ घसरलेली आहे.

म्हणून नव्या फाइलमध्ये प्रत्येक पदार्थाची खूण, नाव आणि दर तक्त्याच्या एकाच रांगेत हवेत. नाव दोन ओळींचं झालं तर रांग उंच होईल, पण दर आपल्या नावाला सोडून जाणार नाही. दराचा रकाना उजवीकडून जुळवा, म्हणजे ९० चं शून्य ८५० च्या शून्याखाली येईल. स्पेस मारून दर पुढे ढकलू नका. डाव्या पानावर तेच केलंय, आणि अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने आकडे दातरे दिसतात. काही दरांपुढे ‘/-’ आहे, काहींपुढे नाही, त्यानेही आकडा आत सरकतो. ‘दर रुपयांत’ एवढं वर एकदा लिहा आणि बाकी सगळं काढा.

तुमच्या डिझायनरचं म्हणणं, दर एकाखाली एक आले की गिऱ्हाईक नाव न वाचता खाली उतरत स्वस्तातलं शोधतं, म्हणून मोठ्या हॉटेलांत दर नावाला लागूनच टाकतात. ते खोटं नाही. पण माझ्याकडे सहा जणांचं कुटुंब आधी हिशेब करून मगच बसतं. त्यांना आकडा सरळ सापडला पाहिजे.

विभागाचं नाव पदार्थाच्याच मापात, फक्त ठळक केलंय, आणि वर-खाली सारखंच अंतर सोडलंय. त्यामुळे ते अळणीखालचा आणखी एक पदार्थ वाटतं. पदार्थ १२ पॉइंटला आहेत तर विभागाचं नाव १८ ला करा, आणि वरची मोकळी जागा खालच्यापेक्षा दुप्पट ठेवा, म्हणजे ते खालच्या पदार्थांचं दिसेल. त्याच्यासमोर दराचा रकाना येताच कामा नये.

शेवटचं खुणांबद्दल. तुम्ही दोन्हीकडे गोल ठिपकाच दिलाय, फक्त रंग वेगळा. पिवळ्या दिव्याखाली एवढासा हिरवा आणि तपकिरी ठिपका सारखाच दिसतो, मी स्वतः संध्याकाळी पाहिलंय. पाकीटबंद खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत शाकाहारीला हिरव्या चौकटीत हिरवा गोल आणि मांसाहारीला तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण ठरवून दिलाय. तेच आकार घ्या, रंग कळला नाही तरी आकार कळतो. खूण तीन मिलिमीटरपेक्षा लहान नको. आणि डाव्या पानावर अंडा भुर्जीला हिरवी खूण आहे, ती तपकिरी करा. नियमात अंडं मांसाहारीतच धरतात.

४० कार्डं नव्याने, विनाशुल्क हवीत. छपाईआधी कागदावर प्रूफ पाठवा, मोबाइलवरचा फोटो नको. ते मी आमच्याच दिव्याखाली बघून सही करीन, आणि सहीनंतर एक अक्षर बदललं तरी पुन्हा प्रूफ. तोवर उजव्या पानावर हाताने लिहिलेला कागद चिकटवून काम चालवतोय. आठ दिवसांत कळवावे.

आपला,
हॉटेलचालक, त्र्यंबक रोड, नाशिक

सोबत : चुकलेलं एक कार्ड, चुका पेनाने खुणा करून